प्रवेश एका वर्षाने पुढे ढकलण्याची विनंती: माझा ईमेल कसा बदलत गेला

ब्रिटनमधील एका विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीच्या एमएस्सीला सप्टेंबर 2024 साठी माझा प्रवेश पक्का झाला होता आणि 2,000 पाउंडांची अनामतही भरून झाली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वडिलांना छातीत दुखू लागले, त्यांना फोंड्याहून बांबोळीला हलवावे लागले आणि तिथे त्यांची बायपास झाली. थोरला भाऊ मस्कतला नोकरीला असल्यामुळे घरी आई आणि मी एवढेच होतो. त्या रात्रीच मी विद्यापीठाच्या प्रवेश समितीला ईमेल लिहायला घेतला आणि पाचशेहून अधिक शब्द लिहून काढले.

पाठवण्यापूर्वी तो मजकूर आमच्या वाड्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना दाखवला. चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, "बाय, हे तू देवळात घातलेले गाऱ्हाणे आहे. समितीने ठरवायचे काय, ते यात कुठे आहे?"

त्यांचे म्हणणे मला नंतर पूर्ण पटले. आजारपण खरे आहे की नाही, हे डॉक्टरांच्या दाखल्यावरून समितीला कळते. तिला त्याहून अधिक जाणून घ्यायचे असते ते हे की, आजची अडचण पुढच्या सप्टेंबरपर्यंत संपणार आहे का, कारण राखून ठेवलेली जागा पुढच्या वर्षीही रिकामीच राहिली तर नुकसान तिचेच होते. म्हणून कारणाइतकीच ते कारण संपण्याची तारीखही महत्त्वाची असते, आणि माझ्या पहिल्या मसुद्यात नेमकी तीच नव्हती. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाच्या उत्तराची वाट पाहायची आहे म्हणून वर्ष मागणाऱ्याला सहसा नकार मिळतो, त्याचेही मूळ यातच आहे.

ईमेल अर्थात इंग्रजीत गेला. विषयाची ओळ अशी ठेवली, म्हणजे उघडण्यापूर्वीच तो कुठल्या फायलीत जायचा ते कळावे:

```
Deferral request: MSc Environmental Engineering,
Sept 2024 to Sept 2025, Applicant ID ...
```

मुख्य परिच्छेदाचा आशय मराठीत असा होता: "माझ्या वडिलांवर 11 जुलै रोजी हृदयशस्त्रक्रिया झाली असून डॉक्टरांनी सहा महिने देखरेखीची गरज सांगितली आहे. घरी ही जबाबदारी घेणारी मी एकटीच आहे. माझ्या भावाचा परदेशातील करार मार्च 2025 मध्ये संपतो आणि त्यानंतर तो कायमचा घरी परतणार आहे. म्हणून माझा प्रवेश सप्टेंबर 2025 च्या तुकडीत वर्ग करावा, अशी विनंती करते." त्यात 'मी प्रवेश पुढे ढकलत आहे' असे कुठेही नव्हते, कारण तो निर्णय समितीचा असतो. सोबत लेटरहेडवरचा एका पानाचा दाखला जोडला, ज्यात शस्त्रक्रियेची तारीख आणि देखरेखीचा कालावधी होता. अँजिओग्राफीचे अहवाल जोडले नाहीत. वडिलांची सगळी फाईल अनोळखी माणसांपुढे उघडी करण्याचे काहीच कारण नव्हते.

शेवटी तीन प्रश्न विचारले: अनामत पुढच्या वर्षी वळती होईल का, 3,000 पाउंडांची शिष्यवृत्ती टिकेल का, आणि शुल्क कोणत्या वर्षाचे लागेल. विचारले नसते, तर होकाराच्या आनंदात हे प्रश्न राहूनच गेले असते.

वेळेच्या बाबतीत मी थोडक्यात बचावले. विद्यापीठाची मुदत 31 जुलैची होती आणि ईमेल 16 तारखेला गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे प्रायोजकत्वाचे पत्र, ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात, ते अजून निघालेले नव्हते. कॅस निघून व्हिसाही हाती आल्यावर विनंती केली, तर ते प्रायोजकत्व मागे घेतले जाते आणि पुढच्या वर्षी व्हिसाचा अर्ज व त्याचे शुल्क नव्याने भरावे लागते. म्हापशाच्या एका ओळखीच्या मुलीने अभ्यासक्रम सुरू झाल्यावर, ऑक्टोबरात, लिहिले. तोपर्यंत तिचा प्रवेश रद्द झाला होता आणि तिला पुन्हा अर्ज करण्यास सांगण्यात आले. जर्मनीतील अनेक सरकारी विद्यापीठांत तर प्रवेशपत्र त्याच सत्रापुरते असते आणि वेळेत विचारले तरी नव्याने अर्ज करावा लागतो, त्यामुळे आधी आपल्या प्रवेशपत्रातील अटी वाचाव्यात.

आठ कामकाजाच्या दिवसांनी होकार आला. अनामत वळती झाली, शिष्यवृत्ती गेली आणि शुल्क 2025 चे लागू झाले. शिवाय एक अट आली, जी मला आधीच सुचायला हवी होती. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. माझी परीक्षा ऑगस्ट 2023 मधली असल्यामुळे सप्टेंबर 2025 ला ती मुदतबाह्य ठरत होती. ती मी पुन्हा दिली.

तो होकार केवळ ईमेलमधला होता. 2025 ची तारीख असलेले नवे प्रवेशपत्र मी स्वतंत्रपणे मागून घेतले, कारण बँकेच्या फोंडा शाखेने शैक्षणिक कर्ज 2024 च्या पत्रावर मंजूर केले होते आणि नवे पत्र हाती पडेपर्यंत व्यवस्थापकांनी ती फाईल पुढे सरकवली नाही.