पहिल्या घाण्याआधीचा गॅस: छोट्या बेकरीसाठी तयारीची यादी

ओव्हन पेटवण्याच्या आदल्या संध्याकाळी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. काटा साधा, यांत्रिक असावा आणि सिलिंडर ओव्हनपासून लांब, मोकळ्या हवेत असावा. पाइप ओढला जाऊ देऊ नका, नाहीतर वजन चुकीचं दिसतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन माहीत नसलं तरी चालतं, आपल्याला फक्त फरक हवा आहे. दोन सिलिंडर जोडलेले असतील तर मोजणीच्या दिवशी एकच उघडा. भाव काढायला 19 किलोच्या सिलिंडरच्या बिलावरची रक्कम 19 ने भागा, म्हणजे किलोचा दर मिळेल. खालच्या हिशेबात सोपं पडावं म्हणून तो 100 रुपये धरला आहे.

वहीत चार वेळचं वजन लिहा: पेटवताना, ओव्हन तापल्यावर, पहिला घाणा आत गेल्यावर आणि शेवटचा बाहेर आल्यावर. बहुतेक जण पहिलं आणि शेवटचं तेवढंच लिहितात, त्यामुळे मधला रिकामा जळालेला गॅस दिसतच नाही. आणि ओव्हनच्या तापमानाचा काटा 220 वर आला म्हणजे ओव्हन तापला, असं समजू नका. तो आतल्या हवेचं तापमान दाखवतो. खालची दगडी लादी नंतर तापते. पहिल्या घाण्याचे पाव वरून लाल आणि बुडाला पांढरे निघाले, तर लादी अजून थंड होती.

आता एक हिशेब. परभणीसारख्या गावातला दोन डेकचा गॅस ओव्हन, सकाळी पावाचे तीन घाणे. समजा तापायला 900 ग्रॅम लागले, पाव फुगायची वाट बघत अर्धा तास रिकामा जळला त्यात 200, आणि प्रत्येक घाण्याला 350. एकूण 2 किलो 150 ग्रॅम, म्हणजे घाण्यामागे साधारण 72 रुपये, त्यातला प्रत्यक्ष भाजणीचा भाग 35. वाट बघणं टाळलं तर घाणा 65 ला येतो. तेच आठ घाणे सलग काढले तर 46 ला. म्हणजे वाट बघण्यापेक्षा घाणे कमी असणंच जास्त महाग पडतं. पण आठ घाणे पाव तुमच्या गावात खपत नसतील तर उगाच काढू नका. शिळ्या पावाचा तोटा गॅसपेक्षा मोठा असतो.

त्यापेक्षा काय काय भाजायचं ते एका रांगेत लावा. संध्याकाळी खारी आणि नानकटाईचे दोन घाणे वेगळे काढले, तर कोमट ओव्हन पुन्हा तापवायला 600 ग्रॅम जातात, म्हणजे रोजचे 60 रुपये. ते दोन्ही पावाच्या मागोमाग घ्या: पाव 220 ला, मग खारी 200 ला, नानकटाई 170 च्या आसपास, आणि शेवटी बर्नर बंद करून उतरत्या आचेवर टोस्ट. दुसऱ्यांदा सुकवायच्या टोस्टला वेगळा गॅस जाळणं मला तरी पटत नाही. खारीचा मैदा मात्र त्यासाठी सकाळी लवकर लाटून तयार हवा. तो फ्रिजमधून उशिरा निघाला तर रांग तुटते आणि ओव्हन पुन्हा रिकामा जळतो.

पेटवायची वेळ घड्याळावर नको, पिठावर ठरवा. इथे मे महिन्यात पीठ भराभर फुगतं, डिसेंबरच्या पहाटे तेच पीठ थंडीने आखडून बसतं. वर्षभर पहाटे चारलाच ओव्हन पेटवणाऱ्याचा हिवाळ्यात रोज अर्धा-पाऊण तास वाया जातो. ट्रेमधला एक पाव बोटाने हलका दाबून बघा: खळगा हळूहळू भरून येत असेल तर माल जवळजवळ तयार आहे. हे व्हायच्या चाळीस मिनिटं आधी ओव्हन पेटलेला हवा, म्हणजे थोडे दिवस पाहून पेटवायची वेळ महिन्यागणिक पुढेमागे करता येते. थंडीत सिलिंडरच्या अंगावर दव किंवा बर्फ दिसलं तर समजा गॅसचा दाब कमी होतोय. ज्योत लहान होते आणि तापायला वेळ जास्त लागतो. सिलिंडर तापवू नका, त्या दिवशी दोन एकदम जोडा.

ट्रे अर्धे भरून लावू नका. अर्ध्या घाण्यालाही गॅस जवळपास तेवढाच लागतो, म्हणून खर्च घाण्यामागे काढलात तरी शेवटी नगामागे बघा.

विजेचा ओव्हन असेल तर त्याला वेगळा सबमीटर लावा आणि याच चार वेळी आकडे घ्या. 12 किलोवॅटचा ओव्हन पाऊण तास पूर्ण जोरात चालला तर 9 युनिट तापण्यातच गेले. दर धरताना नुसता युनिटचा भाव नको. महावितरणच्या बिलातला वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळून जी रक्कम होते ती युनिटने भागा. आणि घाणा आत असताना वीज गेली तर दार उघडून बघू नका. वीज यायला उशीर झाला तर पुन्हा तापायला लागलेली युनिटं त्या दिवसाच्या पानावर वेगळी मांडा.