या चुका टाळा : मोफत मुक्कामाच्या बदल्यात लिहिलेले कॅप्शन आणि जाहिरातीचा खुलासा

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की तारकर्ली, देवबाग, गुहागर, दिवेआगर या पट्ट्यात होमस्टेचे मालक आणि रील करणारी मंडळी यांच्यात एक व्यवहार ठरलेला असतो. दोन रात्री राहा, जेवणखाण आमच्याकडे, त्याबदल्यात एक रील आणि तीन-चार स्टोरी टाका. पैशांची देवाणघेवाण होत नाही, कागदावर काही लिहिले जात नाही आणि बहुतेक वेळा सगळे बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवरच उरकते. मी काही वर्षांपासून सिंधुदुर्गातील लहान व्यावसायिकांना कॅप्शन लिहून देते आणि खुलाशाच्या सर्वाधिक चुका मला या ‘बार्टर’च्या व्यवहारातच दिसतात. पैसे घेऊन केलेली जाहिरात निदान जाहिरातीसारखी वाटते. मोफत मुक्कामाचे कॅप्शन मात्र पाहुणचाराच्या भाषेत लिहिले जाते आणि वाचक त्याला स्वखर्चाने फिरून आलेल्या माणसाचा अनुभव समजतो.

पैसे घेतले नाहीत, म्हणून खुलासा नको

ही पहिली चूक, आणि ती बहुतेक जण अगदी निर्मळ मनाने करतात. जाहिरात मानकांचे काम पाहणारी ‘आस्की’ ही उद्योगांची स्वनियामक परिषद आहे. इन्फ्लुएन्सरांसाठीची तिची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. केंद्र सरकारच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचना जून २०२२ मध्ये निघाल्या आणि ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी त्यांची सोपी पुस्तिका काढली. या सगळ्यांचा भर एकाच प्रश्नावर आहे : सांगणारा आणि ज्याच्याविषयी सांगितले जाते तो, यांच्यात सांगण्याचे वजन बदलेल असा काही संबंध आहे का? पैसे हा त्यातील केवळ एक प्रकार झाला. मोफत मुक्काम, सहल, भेटवस्तू, सवलत आणि आपण न मागता कोणी पाठवून दिलेली वस्तू हेही त्यात येते. त्यामुळे कोणी ओळखीतून हापूसची पेटी घरी पाठवली आणि आपण तिची पोस्ट टाकली, तर पेटी भेट म्हणून आली हे सांगावे लागते. भाड्यात निम्मी सूट मिळाली असेल, तर तीही सांगावी लागते.

कोकणात एक गोष्ट हमखास सुटते, ती नात्याची. कुटुंबातील संबंधही या व्याख्येत स्पष्टपणे धरलेला आहे. देवगडला मामांची बाग असेल आणि भाचा ‘यंदा आम्ही खाल्लेला सर्वांत उत्तम हापूस, मागवायचा असेल तर खालील क्रमांकावर कळवा’ असे लिहीत असेल, तर तो स्वतंत्र ग्राहक म्हणून बोलत नसतो. ‘ही आमच्या मामांची बाग आहे’ हे वाक्य सुरुवातीलाच टाकले, की वाचकाला संबंध कळतो. शिवाय आपल्या माणसाच्या बागेविषयीचा अभिमान त्यातून अधिक सरळपणे पोहोचतो. आपण पूर्ण पैसे मोजून राहिलो, ओळखपाळख काही नाही आणि केवळ आवडले म्हणून लिहीत आहोत, अशा वेळी मात्र खुलाशाची गरज नाही.

आभाराच्या वाक्यात दडलेला खुलासा

या चुकीचा मला स्वतःला अनुभव आहे. तारकर्लीजवळच्या एका होमस्टेसाठी एका जोडप्याच्या नावाने मी पुढील कॅप्शन लिहून दिले होते.

> पहाटेची समुद्राची गाज, माडांच्या झावळ्यांतून उतरणारे कोवळे ऊन आणि दुपारी पानात सुरमई, सोलकढी व गरमगरम घावणे… हे दोन दिवस आम्ही कधीच विसरणार नाही. प्रेमळ आमंत्रणाबद्दल आणि अगत्याच्या पाहुणचाराबद्दल काका-काकूंचे मनःपूर्वक आभार! #मालवण #तारकर्ली #कोकण #कोलॅब #सोलकढी

माझ्या समजुतीप्रमाणे मी ‘आमंत्रण’ लिहिले होते, ‘पाहुणचार’ लिहिला होता, हॅशटॅगमध्ये ‘कोलॅब’ही टाकला होता, म्हणजे खुलासा झाला होता. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरकडच्या एका ताईंनी खाली विचारले, ‘दोघांना मिळून एका रात्रीचे किती दिलेत?’ त्या प्रश्नाने माझी चूक मला दाखवून दिली. जोडप्याने एक रुपयाही दिला नव्हता आणि माझे कॅप्शन संपूर्ण वाचूनही ते त्यांना कळले नव्हते. तेव्हापासून कोणतेही कॅप्शन तपासताना मी हाच प्रश्न धरून बसते : हे वाचल्यावर कोणी ‘तुम्ही किती दिलेत?’ असे विचारू शकेल का? विचारू शकत असेल, तर खुलासा झालेला नाही.

दोष शब्दांच्या निवडीत होता. आभार तर पूर्ण पैसे देणारा पाहुणाही मानतो. आपल्याकडे चार दिवस राहून निघताना यजमानाला ‘पाहुणचार छान झाला’ असे म्हणणे ही रीतच आहे. ‘आमंत्रण’ हा शब्द लग्नापासून गणपतीपर्यंत सगळीकडे चालतो आणि खर्च कोणी केला हे त्यातून कळत नाही. ‘यांच्या सौजन्याने’ हा शब्द छायाचित्राखाली वाचण्याची आपल्याला सवय आहे. ‘सहयोग’ लिहिले तर वाचकाला देणगी किंवा सामाजिक कार्य आठवते. इंग्रजीतील ‘कोलॅबोरेशन’ हे लेबल नियमांत मान्य असले, तरी त्याचा हा मराठी अवतार मी वापरत नाही. ‘कोलॅब’ हा तर रील करणाऱ्यांच्या आपसातला शब्द आहे आणि खोल्या आरक्षित करणाऱ्या घरातील थोरल्यांना तो कळेलच असे नाही. मराठीत दोन शब्द निःसंदिग्ध आहेत : ‘जाहिरात’ आणि ‘प्रायोजित’. खुलासा मजकुराच्या भाषेतच असावा, असे सरकारी पुस्तिकाही सांगते.

दुसरा दोष जागेचा होता. इन्स्टाग्रामवर कॅप्शनचा सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो आणि बाकीचा ‘more’ दाबल्यावर उघडतो. माझा सगळा ‘खुलासा’ त्या पडद्यामागे होता. आस्कीची अपेक्षा अशी आहे की लेबल पहिल्या दोन ओळींतच यावे, ते वाचण्यासाठी काहीही दाबावे किंवा सरकवावे लागू नये आणि ते हॅशटॅगांच्या किंवा लिंकांच्या गर्दीत हरवू नये. त्यामुळे शेवटच्या ओळीतील हॅशटॅग, मग तो ‘#ad’ असो वा ‘#जाहिरात’, एकटा पुरत नाही.

सुधारलेले कॅप्शन असे झाले.

> जाहिरात : तारकर्लीतील या होमस्टेत दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवण आम्हाला मोफत मिळाले.
> पहाटेची समुद्राची गाज, माडांच्या झावळ्यांतून उतरणारे कोवळे ऊन आणि दुपारी पानात सुरमई, सोलकढी व गरमगरम घावणे… काका-काकूंचे मनःपूर्वक आभार! एरवी येथे दोघांना एका रात्रीचे भाडे किती, हे त्यांच्याकडून फोनवर विचारून घ्यावे.

वर्णन तसेच राहिले, आभारही राहिले. पहिला शब्द ‘जाहिरात’ असल्यामुळे फोन लहान असो वा मोठा, तो दिसतोच. त्यापुढील वाक्याने नेमके काय मिळाले तेही सांगितले, कारण मोफत मुक्काम आणि मोफत मुक्कामासह मानधन यांत वाचकाच्या दृष्टीने फरक आहे. मानधन घेतले असते, तर ‘मोफत मुक्काम आणि मानधन घेऊन’ असे लिहावे लागले असते. अर्धेच सांगून थांबणे हीदेखील दिशाभूलच ठरते. ‘तरीही मत आमचे स्वतःचे आहे’ हे वाक्य हल्ली सर्रास जोडले जाते. ते लिहायला हरकत नाही, मात्र ते खुलाशाच्या जागी टाकून चालणार नाही.

रीलमधील लेबल : किती वेळ आणि कोठे

रील पाहणारे बहुतेक लोक कॅप्शनकडे पाहतही नाहीत, म्हणून लेबल व्हिडिओवरच हवे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते किमान ३ सेकंद दिसावे, १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत त्या जागेविषयी बोलणे चालू असेल तो संपूर्ण वेळ, असे आस्कीचे प्रमाण आहे. म्हणजे आपले रील ४५ सेकंदांचे असेल, तर लेबल १५ सेकंद राहिले पाहिजे. सुरुवातीला क्षणभर चमकून गेलेले चालत नाही. सरकारी पुस्तिकेनुसार व्हिडिओत खुलासा लिहूनही दाखवावा आणि बोलूनही सांगावा. ‘या होमस्टेने आम्हाला राहायला मोफत बोलावलं आहे’ हे एक वाक्य अंगणात उभे राहून सहज बोलता येते.

येथे किनाऱ्यावरच्या चित्रीकरणाची एक खास अडचण येते. पांढऱ्या अक्षरांतले लेबल फेसाळ लाटेवर किंवा उन्हात तळपणाऱ्या वाळूवर टाकले, की ते संपादन करताना मोठ्या पडद्यावर दिसते आणि फोनवर मात्र पार विरघळून जाते. अक्षरांमागे गडद पट्टी द्यावी. रीलच्या तळाशी खात्याचे नाव व कॅप्शन येते आणि उजव्या कडेला बटणांची रांग असते, त्यामुळे लेबल वरच्या भागात, कडेपासून आत ठेवावे. प्रकाशित झाल्यावर दुसऱ्याच्या फोनवर, आवाज बंद करून, एकदा पाहून घ्यावे.

अ‍ॅपच्या लेबलवर विसंबणे

‘Paid partnership’ ही इन्स्टाग्रामची सोय चालू केली की काम झाले, असे अनेकांना वाटते. आस्कीच्या तत्त्वांनुसार अ‍ॅपचे लेबल हे आपल्या स्वतःच्या खुलाशाच्या जोडीला असते, त्याच्या बदल्यात नव्हे. यामागचे कारणही व्यवहारातले आहे : होमस्टेचे मालक तेच रील उतरवून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत पाठवतात आणि अ‍ॅपचे लेबल मागेच राहते; व्हिडिओवर लिहिलेला शब्द मात्र सोबत जातो. दोन खात्यांची नावे एकत्र दाखवणारी सामाईक पोस्ट हाही खुलासा नव्हे, कारण दोन नावे पाहून मुक्काम मोफत होता हे कोणालाच कळत नाही.

खुलासा केला म्हणून खोटे वर्णन माफ होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. किनारा दहा मिनिटे चालण्याच्या अंतरावर असेल, तर ‘समुद्राला लागून’ हे शब्द जाहिरात म्हणूनही चुकीचेच आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो; दाव्याची योग्य ती खातरजमा केली असेल, तर समर्थन करणाऱ्याला संरक्षण मिळते. म्हणून अंतर स्वतः चालून पाहावे.

आधीच टाकलेल्या पोस्टचे काय करावे

कॅप्शन बदलता येते, तेव्हा पहिल्याच शब्दाच्या जागी ‘जाहिरात’ घालून पोस्ट लगेच दुरुस्त करावी. अ‍ॅपचे लेबलही नंतर जोडता येते. व्हिडिओवरची अक्षरे मात्र प्रकाशित झाल्यावर बदलत नाहीत. लेबल नसलेले रील काढून, लेबल घालून पुन्हा टाकणे हाच खरा उपाय आहे आणि त्यात आधीचे व्ह्यूज जातात, हे मालकांना आधीच सांगावे. स्टोरी चोवीस तासांत निघून जाते, पण हायलाइटमध्ये ठेवलेली वर्षानुवर्षे दिसत राहते. तीही तपासावी आणि लेबल नसेल तर हायलाइटमधून काढून टाकावी. खुलाशाची जबाबदारी जाहिरात करून घेणाऱ्यावरही असल्यामुळे मी आता व्यवहार ठरतानाच, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्याच बोलण्यात, काका-काकूंना कॅप्शनची पहिली ओळ पाठवते आणि त्यांचा होकार आल्यावरच पुढचे वर्णन लिहायला घेते.