स्क्रीनशॉटवरच्या लोगोवरून सिरियल कशी शोधायची

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी एक धुरकट फोटो टाकतं आणि खाली "ही कोणती सिरियल?" त्यावर लगेच कोणीतरी सांगतं की गूगल लेन्सला टाक. टाका हो, पण अख्खा स्क्रीनशॉट टाकलात तर लेन्स लोगो आणि खालची अक्षरं धरून बसतं आणि त्याच चॅनेलच्या भलत्याच सिरियली दाखवत राहतं.

फोटो फॉरवर्डचा नको, ओरिजिनल मागवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आता खरं काम. फोटोवर तीन वेगवेगळ्या लोकांचे शिक्के असू शकतात आणि ते वेगळे करता आले पाहिजेत, सगळे घोळ इथेच होतात. एक चॅनेलचा लोगो, तो बहुतेक वेळा वरच्या कोपऱ्यात आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. दुसरा अपलोड करणाऱ्याचा वॉटरमार्क, हा कुठेही, बऱ्याचदा मध्यभागी आडवा, पेजचं नाव वगैरे. याचा सिरियलशी काडीचा संबंध नसतो, विसरा. तिसरे सबटायटल्स.

लोगोबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: लोगो सांगतो कुठे दाखवली, कुठे बनवली ते नाही. ऐरोलीच्या काकूंनी पाठवलेला फोटो घ्या. कोपऱ्यात जिंदगी चॅनेलचा लोगो, कॉलेजातली मुलगी, मागे गाडी उभी. काकूंचं ठाम मत, पाकिस्तानी सिरियल, कारण जिंदगीवर त्याच लागायच्या. अर्धं बरोबर आहे, 2014 मध्ये चॅनेल सुरू झालं ते पाकिस्तानी मालिका घेऊनच, पण 2015 पासून तिथे हिंदीत डब केलेल्या तुर्की मालिकाही यायला लागल्या. मग ठरवायचं कसं? झूम करून गाडीची नंबर प्लेट बघितली. डाव्या कडेला निळी पट्टी आणि नंबर 34 ने सुरू. तुर्कस्तानात प्लेटचे पहिले दोन आकडे प्रांताचे असतात आणि 34 म्हणजे इस्तंबूल. पाकिस्तान तिथेच बाद.

लोगोचा दुसरा उपयोग म्हणजे काळ. जिंदगी टीव्ही चॅनेल म्हणून 2017 पर्यंतच होतं, म्हणजे फोटो 2015 ते 2017 मधल्या प्रक्षेपणाचा. आपल्याकडेही तसंच, ईटीव्ही मराठीचा लोगो दिसला की मार्च 2015 पर्यंतचं प्रक्षेपण, कारण तेव्हा त्याचं कलर्स मराठी झालं. पण हे वर्ष प्रक्षेपणाचं हं, सिरियल कितीतरी जुनी असू शकते.

सबटायटलच्या फॉन्टवर मात्र जास्त जीव टाकू नका. फॉन्ट ओळखून देणाऱ्या साइट्स इथे निव्वळ टाइमपास आहेत. सबटायटल चालू-बंद करता येत असतील तर फॉन्ट बहुतेक ॲप किंवा फोनची सेटिंग ठरवते, आणि व्हिडिओतच छापलेले असतील तर फार तर भाषांतर करणाऱ्याची सवय कळते. त्यापेक्षा अक्षरं बघा, ğ, ş आणि बिनटिंबाचा ı एकत्र दिसले तर बहुधा तुर्की. पण तेही सबटायटलमध्ये नाही, मागच्या पाट्यांवर बघायचं, कारण कोरियन सिरियलला तुर्की सबटायटल लावणारे ढिगाने आहेत.

आता क्रॉप करा. लोगो, वॉटरमार्क, सबटायटल सगळं उडवून फक्त चेहरा आणि थोडी पार्श्वभूमी ठेवा आणि मग लेन्सला द्या. पाटीवरची अक्षरं उलटी दिसत असतील तर आधी फोटो आडवा फ्लिप करा, कॉपीराइटमध्ये पकडलं जाऊ नये म्हणून काही लोक व्हिडिओ मिरर करून टाकतात.

काकूंच्या फोटोला उत्तर आलं हझाल काया, तुर्की नटी. पण तिच्या मालिका एकाहून जास्त, नाव मिळालं म्हणून तिथेच नाचू नका. जिंदगीवर लागलेल्या तुर्की मालिका मोजक्याच, त्यातली तिची शोधली तर 'फेरिहा', मूळ तुर्की नाव Adını Feriha Koydum, तिकडे 2011 मध्ये शो टीव्हीवर सुरू झालेली. गोष्ट इमारतीच्या वॉचमनच्या मुलीची, जी श्रीमंतांच्या कॉलेजात खोटं बोलून वावरते, म्हणजे कॉलेजचा सीनही बसला.

तरी शेवटी यूट्यूबवर मूळ तुर्की नाव टाकून एखादा भाग उघडा आणि तोच सेट, तेच कपडे दिसतात का बघा. फक्त चेहरा जुळला तर ग्रुपवर नाव टाकायची घाई करू नका, नटीची हेअरस्टाईल एका मालिकेतून दुसरीत तशीच जाते, कपडे सहसा जात नाहीत.