हातमोजे म्हणजे धुतलेले हात नव्हेत: वॉर्डातल्या या चुका टाळा

सर्जरी वॉर्ड, सकाळची पाळी. सात नंबरच्या कॉटवर पोटाचं ऑपरेशन झालेले आजोबा आहेत. लघवीची नळी टाकलेली, हाताच्या शिरेत सलाईनसाठी इंट्राकॅथ लावलेलं. सिस्टर ग्लोव्हज घालून युरोबॅग रिकामी करतात. तेवढ्यात आजोबांची सून म्हणते, "सिस्टर, सलाईन संपत आलंय बघा." त्याच ग्लोव्हजनी बाटली बदलली जाते, इंट्राकॅथचं टोपण उघडून इंजेक्शनही दिलं जातं. मग ग्लोव्हज काढून लाल पिशवीत टाकायचे आणि थेट आठ नंबरकडे वळायचं.

असं प्रत्येक मोठ्या वॉर्डात रोज होतं. करणाऱ्याला ते चूक वाटत नाही, कारण ग्लोव्हज होते आणि पेशंटही एकच होता.

पण पेशंट एक असला तरी त्याच्या अंगावरच्या जागा वेगळ्या. लघवीच्या पिशवीच्या तोटीवर जे जंतू असतात ते इंट्राकॅथच्या तोंडाशी गेले, तर तिथून सरळ रक्तात जातात. आजोबांचेच जंतू आजोबांना बाधतात. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, तेव्हा त्या सकाळची आठवण कुणालाच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीसारख्या स्रावांशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि नुसता त्याच्या कॉटला, लॉकरला, सलाईनच्या स्टँडला हात लागला तरी त्यानंतर. यातली दुसरी आणि तिसरी सहज चुकते, कारण त्या एकाच पेशंटच्या कामात मध्येच येतात.

आजोबांचं काम नीट असं होईल. आल्यावर अल्कोहोलचा हँडरब. आधी सलाईन आणि इंजेक्शन, म्हणजे स्वच्छ काम पहिलं. रक्त गळत नसेल तर लागलेल्या इंट्राकॅथमधून इंजेक्शन द्यायला ग्लोव्हज लागतच नाहीत, स्वच्छ हात लागतात. पेशंटला तपासून मग इंजेक्शनकडे वळलात तर मध्ये पुन्हा हँडरब. युरोबॅग शेवटी, ग्लोव्हज घालून, पण त्याआधीही हात स्वच्छ करून. ग्लोव्हज काढले की लगेच हात स्वच्छ. तिथून दुसरीकडे कुठे हात न लावता सरळ आठ नंबरला गेलात, तर तोच एक हँडरब दोघांसाठी चालतो. वाटेत फाईल उघडली किंवा फोन उचलला, तर नाही.

ग्लोव्हज होते, मग हात का घाण झाले?

ग्लोव्हजला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असू शकतात आणि वापरताना ती वाढतात. त्याहून मोठं कारण म्हणजे काढण्याची पद्धत. घाईत बोटांनी बाहेरची बाजू ओढली की तिथला स्राव मनगटावर येतो. शिवाय आत घाम साचतो आणि त्या उबेत हातावरचे जंतू वाढतात. मे महिन्यात पंखे बंद पडलेल्या वॉर्डात ग्लोव्हज काढताना आतून ओला हात निघतो, तो पाहिलात तर वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

ग्लोव्हजवरच हँडरब चोळून पुढच्या पेशंटकडे जाणं ही चूकही सर्रास होते. त्यानं ग्लोव्हज खात्रीनं स्वच्छ होत नाहीत, उलट रबर खराब होऊ शकतं.

पाणी नाही, मग काय?

लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मराठवाड्यातल्या वॉर्डात उन्हाळ्यात नळ कोरडा असणं नवं नाही. हात डोळ्यांना स्वच्छ दिसत असतील तर बहुतेक वेळी हँडरब पुरतो आणि पाण्याची गरज नसते. दोन्ही हात सगळीकडून भिजतील एवढा घ्यायचा, आणि बोटांची टोकं, अंगठे, बोटांच्या फटी धरून 20 ते 30 सेकंद, सुकेपर्यंत चोळायचा. चार-पाच सेकंदांत हात सुकला तर हँडरब कमी घेतला होता असं समजा. ओल्या हातावर घेतला तर तो पातळ होतो.

वॉर्डातल्या कामात साबण-पाण्याला पर्याय नाही ते मुख्यतः दोन वेळी: हाताला रक्त, शी, लघवी दिसत असेल तेव्हा, आणि जुलाबाच्या पेशंटनंतर, कारण जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत. तेव्हा 40 ते 60 सेकंद लागतात. साठवलेलं पाणी असेल तर तोटी असलेलं पिंप ठेवा, बादलीत हात बुडवू नका. आणि सगळ्यांनी पुसलेला एकच टॉवेल असेल, तर धुतलेला हात तिथंच पुन्हा खराब होतो.

आपल्याकडे युरोबॅग बऱ्याचदा नातेवाईकच रिकामी करतात आणि लगेच पेशंटला भरवायला बसतात. त्यांना नुसते ग्लोव्हज देऊ नका. सुनेला तोटी कशी बंद करायची ते दाखवाल, तेव्हाच साबण कुठं ठेवला आहे तेही दाखवा आणि पहिल्यांदा हात धुताना तिच्याजवळ उभ्या राहा.