चेकआउट तासभर बंद पडल्यावर रिपोर्ट कसा लिहायचा

चेकआउट सुरू झालंय, आता रिपोर्ट हवाय. टेम्प्लेट तुमच्याकडे असेलच. मी असे बरेच रिपोर्ट लिहिलेत. त्यात घाम फोडणारा भाग एकच, तो म्हणजे 'कारण'. बाकीचं पटकन उरकू.

टाइमलाइन लिहिताना सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत आणा. सर्व्हरचे लॉग बहुतेक यूटीसीत असतात आणि चॅट आपल्या वेळेत, त्यामुळे घाईत साडेपाच तासांचा घोळ होतो. काय घडलं आणि त्या क्षणी समोरच्याला काय दिसत होतं, एवढंच लिहा. 'हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं' असली वाक्यं खोडा.

नुकसान दोन ओळींत: किती ऑर्डर अडकल्या आणि कुणाचे पैसे कापले गेले का. अकाउंट्सवाले हेच आधी विचारतात.

आता कारण. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं होतं, 'मायग्रेशनमध्ये चूक झाली, यापुढे काळजी घेऊ.' साहेबांनी तो वाचून एवढंच विचारलं, "मग तासभर का लागला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घडलं ते असं. ७:०२ ला रिलीजबरोबर मायग्रेशन चाललं आणि `orders` टेबलात `gst_type` हा नवा कॉलम आला. नवा कोड आधी दहापैकी दोनच सर्व्हरवर गेला. उरलेल्या आठांवर जुनाच होता. ७:२३ ला कस्टमर केअरचा फोन आला. पुन्हा बटण दाबलं की कधीकधी ऑर्डर जात होती, त्यामुळे आधी नेटवर्कवरच संशय गेला. ७:३१ ला आम्ही रोलबॅक केला. आता सगळेच सर्व्हर बंद! ८:०४ ला कॉलमची `NOT NULL` ही सक्ती काढली, तेव्हा ऑर्डर सुरू झाल्या.

डेव्हलपरने डिफॉल्ट दिलं होतं. पण जँगो हे डिफॉल्ट पोस्टग्रेसमध्ये ठेवत नाही: जुन्या ओळी भरण्यापुरतं वापरतं आणि लगेच काढून टाकतं.

```sql
ALTER TABLE "orders" ADD COLUMN "gst_type" varchar(10) DEFAULT 'b2c' NOT NULL;
ALTER TABLE "orders" ALTER COLUMN "gst_type" DROP DEFAULT;
```

जुन्या कोडला हा कॉलम माहीतच नाही, म्हणून त्याची प्रत्येक नवी ऑर्डर डेटाबेस नाकारत होता. म्हणजे बिघाड जुन्या कोडच्या सर्व्हरवर होता, आणि रोलबॅक करून आम्ही तोच कोड दहाही सर्व्हरवर नेऊन बसवला. स्टेजिंगवर हे दिसलं नाही, कारण तिथे सर्व्हर एकच. जुना आणि नवा कोड शेजारी-शेजारी कधी चालतच नाहीत.

म्हणून माझं ठाम मत: 'मूळ कारण' एकच शोधत बसू नका. 'पाच वेळा का विचारा' हा सल्ला मला पटत नाही, कारण तो एकाच रेषेत खाली नेतो. त्यापेक्षा बंद पडलेल्या वेळाचे तुकडे करा. इथे एकूण ६२ मिनिटं: कळायला २१, ठरवायला ८ आणि चुकीच्या उपायानंतर सावरायला ३३. मायग्रेशनची चूक यातला पहिला क्षण सांगते, पुढची मिनिटं नाही. २१ मिनिटांचं कारण असं, की अलार्म संपूर्ण साइटच्या एररवर लावला होता आणि त्या गर्दीत चेकआउटच्या एरर बुडाल्या. ३३ मिनिटांचं कारण असं, की रोलबॅकने कोड मागे जातो, टेबल नाही, हे ऑन-कॉलच्या सूचनांत कुठेच नव्हतं.

नाव लिहू नका. भलेपणा म्हणून नव्हे. नाव आलं की वाचणारे तिथेच थांबतात आणि ती ३३ मिनिटं कुणी वाचत नाही. त्या खुर्चीवर दुसरं कुणी असतं तर हेच झालं असतं का, हे विचारा. उत्तर 'हो' असेल तर कारण खुर्चीपाशी आहे.

उपाय या तुकड्यांतूनच निघतात, प्रत्येकाला एक जबाबदार आणि एक तारीख. 'रिव्ह्यू नीट करू' हा उपाय नव्हे. आम्ही तीनच लिहिले. नवा कॉलम आधी सक्तीशिवाय टाकायचा, सगळीकडे नवा कोड गेल्यावर रिकाम्या ओळी भरायच्या आणि सक्ती पुढच्या रिलीजमध्ये लावायची. रोलबॅकआधी रिलीजमध्ये मायग्रेशन आहे का ते बघायचं. असेल तर `sqlmigrate` ने त्याचं एसक्यूएल वाचायचं. तिसरा उपाय अलार्मचा: एरर मोजण्याऐवजी दर मिनिटाच्या यशस्वी ऑर्डर मोजायच्या आणि मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या त्याच वेळेशी ताडायच्या. हा अलार्म सकाळी आठ ते रात्री अकराच ठेवा. पहाटे तीनला शून्य ऑर्डर असतातच, आणि दोनदा उगाच झोपमोड झाली की ऑन-कॉलवाला तो बंद करून टाकतो.