बिल्डरने झाडं तोडली? तक्रार करताना या चुका टाळा

सोलापुरात जुना बंगला पाडून अपार्टमेंट उभं राहायचं ठरलं की पहिला घाव कंपाउंडलगतच्या कडुनिंबावर पडतो. मग शेजारी जागे होतात, फोटो ग्रुपवर फिरतात, 'काय चाललंय हे' म्हणून चार दिवस हळहळ होते आणि पाचव्या दिवशी तिथे पायाचा खड्डा असतो. तक्रारी होतच नाहीत असं नाही. होतात, पण अशा रीतीने की त्यांचं पुढे काहीच होऊ शकत नाही.

बांधकाम परवाना म्हणजे झाड तोडायची परवानगी समजणे

सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. साइटवर विचारायला गेलं की सुपरवायझर मंजूर नकाशा दाखवतो, 'महापालिकेची परवानगी आहे' म्हणतो आणि विचारणारा परत फिरतो. तो नकाशा इमारतीचा असतो. झाडाची परवानगी वेगळी, तिचा कायदाही वेगळा: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. तो खासगी प्लॉटमधल्या झाडालाही लागू आहे, त्यामुळे 'माझ्या जागेतलं झाड, मी काहीही करीन' हे चालत नाही. अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा असतो. त्यात झाडांचं वर्णन आणि प्रत्येक झाड कुठे आहे ते दाखवणारा जागेचा नकाशा द्यावा लागतो. त्यानंतर पाहणी होते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि झाडावरही नोटीस लावली जाते. तिच्यात दिलेल्या मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकतो. परवानगी मिळाली तरी त्या तारखेपासून 15 दिवस झाड तोडता येत नाही.

म्हणून कागद हातात आला की तीनच गोष्टी बघा: तारीख, झाडांची संख्या आणि झाडांच्या जाती. उदाहरण घेऊ. विजापूर रोडच्या एका प्लॉटवर चार कडुनिंब, एक चिंच आणि एक गुलमोहर आहे. बिल्डरकडे एक कडुनिंब आणि गुलमोहर तोडायची परवानगी आहे. शुक्रवारी संध्याकाळी मजूर येतात आणि रविवारपर्यंत सहाही झाडं आडवी होतात. 'परवानगी आहे' हे वाक्य इथे खोटं नाही, पण ती दोनच झाडांची आहे. उरलेली चार झाडं विनापरवाना तोडलेली आहेत आणि प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर दंड एका झाडामागे 1 लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. 'बरीच झाडं तोडली' असं मोघम लिहिणारा तक्रारदार या फरकावर पाणी सोडतो.

छाटणीच्या परवानगीवरही हाच खेळ चालतो. फांद्या कमी करायची परवानगी घ्यायची आणि नुसतं खोड उरेपर्यंत झाड सोलायचं. कायद्याच्या व्याख्येत झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून कापणं नव्हे. जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यातच येतं. बुंध्याभोवतीची साल गोल काढली असेल, मुळाशी रसायन ओतलं असेल किंवा पायाच्या खोदाईत एका बाजूची मुळं तोडली असतील, तर झाड पडायची वाट बघू नका. अर्ज त्याच दिवशी द्या.

बुंधा उखडल्यावर तक्रार करणे

दुसरी चूक उशिराची, आणि मला हीच सर्वांत जास्त खटकते, कारण ती टाळणं शेजाऱ्यांच्या हातात असतं. तोड बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळी सुरू होते. शनिवार-रविवार सरकारी कार्यालयं बंद असतात, तेवढ्यात जेसीबी बुंधा उखडतो आणि वर मुरूम पडतो. सोमवारी पाहणीला माणूस आला तर त्याला सपाट जमीन दिसते. इथे झाड होतं हे मग कशावरून ठरवायचं?

म्हणून जुनं घर रिकामं झालं, पत्रे ठोकले गेले की लगेच झाडांचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक झाडाचा एक फोटो असा हवा की मागे शेजारची इमारत, विजेचा खांब किंवा गेट असं न हलणारं काहीतरी दिसेल. नुसत्या पानांच्या फोटोवरून जागा सिद्ध होत नाही. तारीख आणि ठिकाण छापणारं कॅमेरा अॅप वापरा. हात पोहोचत असेल तर जमिनीपासून साडेचार फुटांवर टेपने घेर मोजून लिहून ठेवा. हे काही केलं नसेल तर गुगल अर्थवरची मागच्या वर्षांची चित्रं आणि स्ट्रीट व्ह्यूवर दिसणारा महिना-वर्ष उपयोगी पडतं. त्याचे स्क्रीनशॉट अर्जाला जोडा.

तोड चालू असताना 112 वर फोन करा आणि साइटचा नेमका पत्ता सांगा. मजुरांशी भांडू नका, करवत हिसकावू नका, प्लॉटमध्ये शिरू नका. त्यातून तुमच्यावरच गुन्हा दाखल होतो आणि झाड बाजूला राहतं. रस्त्यावरून व्हिडिओ घ्या. त्यात लाकूड नेणाऱ्या ट्रॅक्टर-टेम्पोचा नंबर आणि साइटवरचा बांधकाम परवान्याचा फलक आला पाहिजे. बिल्डरचं नाव आणि परवाना क्रमांक तिथेच मिळतो.

व्हॉट्सअॅपवर पाठवून तक्रार झाली असं मानणे

नगरसेवकाला पाठवलेला फोटो म्हणजे तक्रार नव्हे. अर्ज महापालिकेत, म्हणजे इंद्रभुवनच्या आवारात, आवक-जावक टेबलावर द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यायचा. तो वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे लिहा. एक प्रत आयुक्तांना, एक उद्यान विभागाला, एक बांधकाम परवानगी विभागाला आणि एक जवळच्या पोलीस ठाण्याला द्या. मजकूर एका पानात बसला पाहिजे:

'प्लॉट क्रमांक अमुक, सर्व्हे क्रमांक तमुक येथे अमुक तारखेला तीन कडुनिंब व एक चिंच अशी चार झाडे परवानगीशिवाय तोडण्यात आली. जागेवर येऊन बुंध्यांचा व लाकडाचा पंचनामा करावा, जबाबदार व्यक्तीवर 1975 च्या अधिनियमाच्या कलम 21 नुसार कारवाई करावी आणि पंचनाम्याची प्रत मला द्यावी.'

पर्यावरण, प्राणवायू, सोलापूरचा उन्हाळा यावर दोन पानं लिहू नका. भावना खरी असली तरी वाचणाऱ्याला झाडांची संख्या, जात, जागा आणि तारीखच लागते. 'पंचनामा' हा शब्द मात्र विसरू नका, त्याशिवाय पुढे काही सरकत नाही.

बाकीच्या छोट्या चुका

'झाड धोकादायक होतं' हे ऐकून गप्प बसू नका. तातडीच्या धोक्यात आधी तोडता येतं, पण 24 तासांत कळवावं लागतं, ते पत्र मागा.

'अर्जाला 60 दिवस होऊन गेले, म्हणजे परवानगी मिळालीच' असं कोणी म्हटलं, तर अर्जाची शिक्क्याची पोच आणि झाडावर लावलेल्या नोटिशीचा फोटो मागा.

प्लॉट महापालिका हद्दीत आहे की शेजारच्या ग्रामपंचायतीत, हे आधी तपासा. हद्दीबाहेर हा अर्ज चालत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा विनंती अर्ज करण्यात वेळ घालवू नका. थेट माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा: या प्लॉटवर किती झाडांना परवानगी दिली, पाहणी अहवाल, जाहीर सूचनेची प्रत, बदल्यात कुठे व किती झाडं लावायची अट घातली, आणि माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली. शेवटचा प्रश्न नेमका तसाच ठेवा, कारण त्याचं उत्तर फाइल उघडल्याशिवाय देता येत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. ही मुदत चुकली की प्रकरण तिथेच अडकतं.