ग्राहकाच्या कॉलचा सारांश: आश्वासन आणि तारीख आधी शोधा

लिखित संवाद हाती आल्यावर तो शेवटाकडून वाचावा, कारण आश्वासन आणि तारीख बहुधा निरोप घेतानाच ठरते. सांगलीतील एखाद्या पंपविक्रेत्याकडे 12 जानेवारी 2026 रोजी तासगावच्या बागायतदाराचा फोन आला, असे समजू. ते म्हणतात, "मोटार दहा मिनिटांत बंद पडते, तुम्ही मालच खराब दिला." प्रतिनिधी म्हणतो, "व्होल्टेज कमी पडत असेल. संक्रांत झाली की माणूस पाठवतो, बदलून द्यायचं साहेबांना विचारतो."

येथे समस्या एका ओळीत संपते. चूक होते ती कारणात. खराब माल हा ग्राहकाचा आरोप आहे आणि व्होल्टेज हा प्रतिनिधीचा अंदाज, म्हणून दोन्ही ज्याच्या त्याच्या नावे नोंदवून पुढे "तपासणी बाकी" असे लिहावे. आश्वासन फक्त माणूस पाठवण्याचे आहे. "विचारतो" याचा अर्थ "बदलून देतो" असा लिहिला गेला, तर पुढचा वाद आपणच ओढवून घेतो. यंत्राने उतरवलेल्या मजकुरात "नाही" किंवा "का" गळण्याची शक्यता असल्याने तेवढे वाक्य मूळ ध्वनिमुद्रणात ऐकावेच.

"संक्रांत झाली की" ही तारीख नव्हे. कॉलच्या तारखेवरून मोजून 15 जानेवारी, गुरुवार असे लिहावे आणि पुढे "अंदाजित, प्रतिनिधीकडून खात्री करणे" अशी नोंद ठेवावी. किंक्रांतीला माणूस निघेलच असे आपण गृहीत धरू नये.